फ्रेंच ‘यू’ आणि ‘ओयू’: मराठी तोंडाला हा फरक जमतो का?

रेवती_लिओं
स्वयंपाकघराच्या छतातून पाणी गळत होतं. प्लंबरला फोनवर सांगितलं की गळती वरच्या शेजाऱ्याकडून आहे. तो आला आणि सरळ खालच्या मजल्यावरच्या आजींची बेल वाजवली. फ्रेंचमध्ये ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्द जवळजवळ सारखे. शेवटच्या स्वराला पहिल्याच्या स्पेलिंगमध्ये नुसतं यू अक्षर, दुसऱ्याच्या ओयू. पुण्यात क्लासच्या वहीत मी पहिला ‘दस्यू’ आणि दुसरा ‘दसू’ असा लिहिला होता आणि तसाच म्हणत आले. हा नुसता यू मराठी माणसाने काढायचा कसा? की संदर्भावर भागवायचं?

शनिवारपेठी
वरच्या मजल्यावर दस्यू राहतात म्हणालात, तो घाबरून खाली गेला असणार!
गंमत सोडा. माझं मत, यू पुरेसा आहे. ह्यूगो, काम्यू, द्युमा हे सगळं आपण यूनेच लिहितो आणि कुणाचं काही अडत नाही. मी दोनदा पॅरिसला गेलो, दोन्ही वेळा जेवून परत आलो. परक्याच्या तोंडून थोडं वाकडं आलं तर ऐकणारा सांभाळून घेतो. उगाच आरशासमोर ओठांचे चंबू करत बसायची गरज नाही.

आप्पा_निवृत्त
शनिवारपेठी, रेस्टॉरंटात बोटाने मेनू दाखवता येतो. फोनवर बोट दिसत नाही. आणि संदर्भ म्हणाल तर गळती वरून की खालून, हे ठरवायला प्लंबरकडे त्या एका स्वराशिवाय काहीच नव्हतं.

मी बरीच वर्षं फ्रेंच शिकवलं, त्यामुळे ‘दस्यू’चं काय होतं ते सांगतो. रेवतीताई, ‘यू’ म्हणा आणि शेवट पाच सेकंद लांबवा. यूऊऊऊऊ. तोंडात काय उरलं? शुद्ध मराठी ऊ. म्हणजे सुरुवातीला जीभ क्षणभर पुढे गेली आणि लगेच मागे पळाली. फ्रेंच माणूस शेवटचा स्वर ऐकतो, तो ऊ आहे, म्हणजे ‘खाली’. तुम्ही यूने लिहिलेला शब्द त्याच्या कानात ओयूचाच होतो. फ्रेंच यू पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत तसाच राहतो, जीभ हलतच नाही.

आपली अडचण अशी की मराठीत ओठ गोल झाले की जीभ मागे जाते. उ, ऊ, ओ, औ, सगळीकडे हेच. इ, ई, ए ला जीभ पुढे असते, पण तेव्हा ओठ कधी गोल नसतात. या दोन गोष्टी आपल्या तोंडात एकमेकींना बांधलेल्या आहेत आणि फ्रेंचला ती गाठ सुटलेली हवी असते.

म्हणून मी वर्गात हा स्वर ऊ वरून कधीच शिकवला नाही. ई वरून शिकवला. ‘ई’ म्हणा आणि थांबू नका. जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे टेकलेलं जाणवेल. ते तिथेच ठेवून फक्त ओठ जवळ आणा, शिट्टी मारताना करतो तेवढं लहान भोक. आवाज आपोआप बदलतो. मी फळ्यावर ईला एक गोल जोडायचो: सी॰, वी॰, ती॰. गोल म्हणजे ओठ, बाकी सगळं ईचं. वरचा शेजारी ‘दसी॰’, खालचा ‘दसू’. वहीतला ‘दस्यू’ आधी खोडा.

मेधा_टूलूज
आप्पा, तुमचा ई वाला उपाय माझ्या बाबतीत साफ फसला. ओठ गोल केले की जीभ मागे जायची आणि मला कळायचंही नाही. आरशात ओठ अगदी फ्रेंच दिसायचे, आवाज मात्र कोथरूडचा.

मला जमलं ते उलट्या बाजूने. शिट्टी येते ना? खालच्या सुराची शिट्टी वाजवा आणि हळूहळू वरच्या सुराला न्या. ओठ जवळपास तसेच राहतात, पुढे सरकते ती जीभ. खालच्या सुराला ती ऊच्या जागी असते, वरच्या सुराला फ्रेंच यूच्या. वरच्या सुरावर थांबायचं, शिट्टी बंद करून त्याच तोंडाने आवाज द्यायचा. तेव्हा ऊपासून निघूनही पोचता येतं. ‘ऊ वरून कधीच नाही’ हा तुमचा हट्ट आहे.

आप्पा_निवृत्त
शिट्टीचं बरोबर आहे, हरलो. फक्त ज्यांना शिट्टी येत नाही त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. माझ्या वर्गात निम्म्यांना येत नसे आणि उरलेल्यांना वर्गात वाजवायची लाज वाटे.

तुमची जी चूक झाली ती पकडायला मात्र आरसा निकामीच. आरशात ओठ दिसतात, चूक असते जिभेची. त्यासाठी कुजबुजून बघा. गळ्यातला आवाज बंद करून नुसत्या श्वासावर ई, मग ऊ. ईचा श्वास बारीक, टोकदार ऐकू येतो, ऊचा जाड आणि खोल. आता ई॰ कुजबुजा. तो दोघांच्या मधला, पण ईच्या बराच जवळचा यायला हवा. ऊकडे झुकला, तर जीभ सटकली.

गोंयकार
मला या चर्चेत मूळच चुकलेलं दिसतंय. ओयूचा उच्चार ‘ओ’ असतो. आमच्याकडे डिसोझा आडनावात बघा, ओयूच आहे, म्हणतो आपण ‘सो’. मग ‘दसो’ आणि ‘दसू’, एवढा सोपा फरक असताना ओठांची कसरत कशाला?

मेधा_टूलूज
गोंयकार, ते पोर्तुगीज. तिथे ओयू ओच्या अंगाने जातो आणि नुसता यू सरळ आपला ऊ. फ्रेंचमध्ये ओयू म्हणजे ऊ, तोच आपल्या ‘ऊस’मधला. ‘दसो’ म्हणालात तर प्लंबर तळमजल्यावर जाणार नाही, पण ‘पुन्हा सांगा’ म्हणेल.

आप्पा_निवृत्त
गोंयकारांच्या चुकीत एक खरी गोष्ट दडली आहे. लॅटिनमध्ये चंद्राला लूना म्हणत, आपल्या ऊनेच. इटालियनमध्ये आजही लूना. फ्रेंच तोंडात तो ऊ पुढे सरकत सरकत ई॰ झाला, पण लिहिताना अक्षर तेच राहिलं. यू अक्षर असं अडकून पडल्यावर खऱ्या ऊसाठी दोन अक्षरांची जोडी वापरात राहिली. म्हणून हा सगळा घोळ. अक्षर जुनं, स्वर नवा.

बर्फात_सातारकर
मी मोंट्रियलला असतो. इथे मराठी माणसाला एक आयती खूण मिळते, तिचा कुणी उल्लेख केला नाही म्हणून लिहितो.

इथल्या फ्रेंचमध्ये ‘तू’ या अर्थाचा शब्द ‘ती॰’ असा येत नाही. त्यातला त आपल्या ‘चूल’मधल्या चसारखा होतो. तसंच ‘द’चं: ‘कठीण’ या अर्थाचा शब्द ‘जहाज’मधल्या जने सुरू होतो. पण हे फक्त ई आणि ई॰ च्या आधी. ओयूच्या आधी त हा त आणि द हा दच राहतो. त्यामुळे ‘सगळं’ या अर्थाचा शब्द अगदी आपला ‘तू’, आणि ‘तू’ या अर्थाचा शब्द ‘चू’कडे झुकलेला. मला सुरुवातीला स्वरातला फरक ऐकूच येत नव्हता, मी आधीच्या व्यंजनावरून ओळखायचो. इंग्रज सहकाऱ्याला तेही जमेना, आपल्याला तो च लहानपणापासून येतो.

बोलताना मात्र याच चने मला फसवलं. मराठीत ई आली की तो च लगेच ‘चिंच’मधला पहिला च होतो. ‘चुली’तला च ईसमोर टिकवणं आपल्याला सवयीचं नाही. त्यामुळे बरेच दिवस मी समोरच्याला ‘च्यू’ म्हणत होतो आणि तो चुइंगम मागतोय की काय म्हणून बघत होता.

शनिवारपेठी
पाहा, तिथे त, इथे च. फ्रेंच लोकांचंच एकमत नाही आणि तुम्ही मराठी माणसाच्या मागे लागलात! शिवाय शाळेच्या इतिहासात ‘डुप्ले’ आणि वाचनालयात ‘द्युमा’. दोघांच्या नावात तोच नुसता यू ना?

आप्पा_निवृत्त
दोन्हीत तोच, आणि दोन्हीकडे चुकला. एकदा उ लिहिला, एकदा यु. जर्मनांचंही तसंच, त्यांचा जवळपास हाच स्वर आपण ‘म्युलर’ लिहून टाकला. देवनागरीत घर नसलेला पाहुणा मिळेल त्या ओसरीवर झोपतो. मराठीत लिहिताना द्युमा राहू द्या, माझी तक्रार नाही. फ्रेंच बोलताना मात्र तो य गिळा.

रेवती_लिओं
आठवडाभर केलं, म्हणून कळवते. दहा चिठ्ठ्या केल्या. पाचांवर ‘स्वेटर’चा शब्द (पी॰ल), पाचांवर ‘कोंबडी’चा (पूल). ऑफिसातल्या मैत्रिणीकडे पाठ करून एकेक उचलून वाचायची, तिने ऐकलं ते लिहायचं. पहिल्या दिवशी पाच बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तिच्या यादीत जवळजवळ सगळ्या कोंबड्याच होत्या. काल आठ.

शिट्टी मला येत नाही, ई वरूनच केलं. जोड्या लावून म्हटल्या की सोपं जातं: सी, सी॰, सू. वी, वी॰, वू. ली, ली॰, लू. पण ‘रस्ता’ आणि ‘चाक’ या जोडीत हमखास पडते. री॰ म्हणायला गेले की रू होतो. असं का?

मेधा_टूलूज
फ्रेंच र घशात घासतो, त्यासाठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो. तिथून एकदम पुढे यायचं म्हणजे जिभेला लांबचा प्रवास. स आणि लला ती आधीच पुढे असते. मी रच्या आधीच ओठ गोल करून ठेवते आणि मनात ‘री’ म्हणते.

आप्पा_निवृत्त
मी तर सांगेन, तूर्त तो र आपला मराठी ठेवा, जिभेच्या टोकाचा. री, री॰. ऐकणाऱ्याला तुम्ही परक्या आहात हे कळेल, पण रस्ता आणि चाक यांत गोंधळ होणार नाही. र नंतर सुधारता येतो.

मेधा_टूलूज
अजिबात नको! दोन चुकीच्या सवयी एकत्र बसल्या की दोन्ही सुटत नाहीत. रोज दहा वेळा घशातला रच घ्या.

शनिवारपेठी
तुमचं ठरेपर्यंत रेवतीबाईंचं छत खाली येईल. गळती थांबली का, ते सांगा.

रेवती_लिओं
थांबली. खालच्या आजींनीच वरच्या माणसाला फोन केला. त्यांच्या तोंडचा ‘दसी॰’ मी दाराआड उभी राहून नीट ऐकून घेतला. यात ऊ कुठेच नाही, ईच आहे.