मदत हवी आहे: ट्रायॅक डिमरमध्ये ९० अंशाला १६३ व्होल्ट यायला हवेत, मीटर १२६ दाखवतोय

सर्किटवेडा
१०० वॅटच्या तारेच्या बल्बसाठी डिमर केला आहे. H11AA1 वरून झीरो क्रॉसिंग घेतो, आर्डुइनो ५ मिलिसेकंद थांबून MOC3021 मार्फत BT136 ला गेट देतो. ५० हर्ट्झला अर्धी सायकल १० मिलिसेकंदांची, म्हणजे फायरिंग अँगल ९० अंश.

```
Vrms = 230 * sqrt(1 - a/pi + sin(2*a)/(2*pi))
```

यात a = pi/2 घातलं की १६३ येतात. बल्बवर साधा मल्टीमीटर १२६ दाखवतो. सूत्र चुकतंय का?

नाना_वायरमन
अर्धी लाट कापली म्हणजे अर्धा व्होल्टेज, ११५. मीटर जवळपास बरोबरच आहे.

मीनल_प
माझा एलईडी बल्ब डिमरवर लुकलुकतो. त्यालाही हेच कारण असेल का?

ओळंबा
मीनलताई, एलईडीच्या आत ड्रायव्हर असतो, हे सूत्र त्याला लागू पडत नाही. वेगळा धागा काढा.

नाना, अर्धी होते ती पॉवर (रोध तोच धरला तर). म्हणून व्होल्टेज २३० भागिले √२, म्हणजे १६३. पण तुमचा ११५ चा आकडा कामाचा आहे. स्वस्त मीटर सरासरी मोजतो आणि लाट अखंड साइन आहे असं धरून १.११ ने गुणतो. ९० अंशाला सरासरी निम्मी होते, त्यामुळे तो ११५ च दाखवणार. खरा आकडा ट्रू आरएमएस मीटरवरच दिसेल.

आता १२६ का? तुमचा ट्रायॅक लवकर पेटतोय. H11AA1 चं आउटपुट खऱ्या शून्याच्या थोडं आधी वर जातं आणि शून्य ओलांडल्यावर खाली येतं. तुम्ही चढत्या कडेवर इंटरप्ट घेत असाल. पल्सची रुंदी micros() ने मोजा, निम्मी करा आणि तेवढा वेळ डिलेमध्ये वाढवा.

सर्किटवेडा
हो, RISING वरच आहे. रुंदी ६२० मायक्रोसेकंद भरली. डिले ५३१० केल्यावर मीटर ११६ वर आला! म्हणजे आधी खरा अँगल ८४ अंशांच्या आसपास होता, आणि बल्बवर खरे १७२ व्होल्ट होते.

तरी एक विचारतो: अर्धी पॉवर म्हणावी तर उजेड निम्म्याहून बराच कमी वाटतो.

ओळंबा
वाटणारच. १६३ व्होल्टला तार कमी तापते, तिचा रोध उतरतो, त्यामुळे बल्ब ५० पेक्षा थोडे जास्तच वॅट खातो. पण थंड तार उजेडाऐवजी उष्णताच जास्त देते. उजेड साधारण एक तृतीयांश उरतो.

सर्किटवेडा
पटलं. डिले ९५०० च्या पुढे नेला की मात्र मधूनच बल्ब एकदम पूर्ण भडकतो.

नाना_वायरमन
ट्रायॅक बदलून बघा.

ओळंबा
थांबा, खर्च नको. गेट पल्स किती लांब ठेवलाय? तो पुढच्या अर्ध्या सायकलमध्ये सांडत असेल, तर ट्रायॅक तिच्या सुरुवातीलाच पेटेल. कोड टाका, मग बोलू. आणि बल्बच्या बाजूला स्कोपची ग्राउंड क्लिप लावू नका, तिथे थेट मेन्स आहे.