एक ऑफर मिळाली की दार बंद: प्लेसमेंटचा हा नियम तुम्हाला पटतो का?

मेकॅनिकल, शेवटचं वर्ष (पुणे)
ऑगस्टमध्ये प्लेसमेंटच्या नोंदणी फॉर्मवर सही केली. नियम असा की एक ऑफर मिळाली की पुढच्या कंपन्यांना बसायचं नाही. फक्त पॅकेज हातातल्याच्या दीडपट असेल तर 'ड्रीम' म्हणून एकदा बसता येतं. सप्टेंबरमध्ये एका आयटी सर्व्हिस कंपनीत ३.६ लाखांवर निवड झाली. आता चाकणची सुटे भाग बनवणारी कंपनी येतेय. डिझाइनचं काम, ५ लाख. प्लेसमेंट बघणारे टीपीओ सर म्हणतात, ५.४ च्या खाली आहे, बसता येणार नाही. आणि हातातली नाकारलीस तर वर्षभर सगळ्याच ड्राइव्हमधून बाहेर. मला हा सरळ अन्याय वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

माजी कोऑर्डिनेटर
मी दोन वर्षं कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये कोऑर्डिनेटर होतो, म्हणून आधी नियमाच्या बाजूने बोलतो. कंपनी समजा ८ जागा घेऊन येते. चांगल्या पॉइंटरची तीच पोरं प्रत्येक ड्राइव्हला बसली तर तीच निवडली जातात. शेवटी प्रत्येकजण रुजू होणार एकाच ठिकाणी. बाकीच्या ऑफर वाया जातात, आणि ते कळतं जून-जुलैत, म्हणजे ज्याच्या हाती काहीच नव्हतं तो कॉलेज सोडून गेल्यावर. कंपनी तेव्हा परत येऊन जागा भरत नाही.

पण दीडपटीची अट मेकॅनिकल-सिव्हिलला जाचते, हे मान्य. सर्व्हिस कंपन्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच येऊन सगळ्या शाखांची पोरं उचलतात. कोअर, म्हणजे आपल्या शाखेचंच काम देणाऱ्या कंपन्या दिवाळीनंतर येतात आणि साडेचार-पाच देतात. म्हणजे आधी कोण आलं यावरच तुझं क्षेत्र ठरतं. कॉम्प्युटरवाल्यांना पुढे ८-१० लाखांच्या प्रॉडक्ट कंपन्या मिळतात, त्यांना हा उंबरठा अडत नाही.

सडेतोड
सही केलीस तेव्हा वाचलं नव्हतंस का? ऑफर लेटर म्हणजे करार. स्वीकारून नाकारलीस तर कंपनी केस टाकू शकते आणि कॉलेज मार्कशीट अडकवतं. बहुतेक आयआयटींतही एका पोराला एकच ऑफर असते. तिथे कुणी रडत नाही.

माजी कोऑर्डिनेटर
आयआयटीचं बरोबर, पण ती तुलना अर्धीच आहे. तिथे १ डिसेंबरपासून एकाच स्लॉटमध्ये बऱ्याच कंपन्या असतात आणि पोरं पसंतीक्रम देतात. आपल्याकडे कंपन्या एकामागून एक येतात आणि तिसऱ्या कंपनीचं नाव पहिलीच्या वेळी कुणालाच माहीत नसतं.

मार्कशीटचं तर सोडूनच द्या. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला एआयसीटीईची मनाई आहे, आणि मार्कशीट देतं विद्यापीठ. त्याने सही केलीय ती कॉलेजच्या हमीपत्रावर, कंपनीच्या नाही. सप्टेंबरमध्ये हातात येतं ते बहुतेक वेळा लेटर ऑफ इंटेंट, म्हणजे नुसता इरादा, पक्कं नेमणूकपत्र नाही. बाँड असलाच तर त्यावरची सही साधारण रुजू होताना होते. त्यामुळे नाकारल्यावर कॉलेजच्या हातात खरं तर एकच गोष्ट उरते: पुढच्या ड्राइव्हला बसू न देणं. ती लहान नाही, पण कोर्टकचेरीची भीती घालू नका.

एक आई, नाशिक
आमच्या मुलीचं ऐका. तिची निवड झाली, कॉलेजने बॅनरवर फोटो लावला. मग जॉइनिंग पुढे ढकललं, परत ढकललं, वर्ष गेलं. मधल्या काळात टीपीओंना विचारलं की दुसऱ्या कंपनीला बसू द्या, तर उत्तर आलं, 'ती प्लेस्ड आहे.' पगार एक रुपया नाही आणि प्लेस्ड! आता मला सांगा, भरलेल्या फीचं काय? शंभर टक्के प्लेसमेंट म्हणून जाहिरात केली होती, फी परत मागता येते का?

सडेतोड
काकू, विषय फीचा नाहीये.

भरती विभागातली (कंपनीच्या बाजूने)
फीचा नाही, पण ताई म्हणतात त्यात दम आहे. मुलाने नाकारलं तर शिक्षा आहे, कंपनीने ढकललं तर काहीच नाही. माझ्या मते नियमात एक ओळ हवी: ठरलेल्या तारखेनंतर अमुक दिवसांत रुजू करून घेतलं नाही तर विद्यार्थी पुन्हा मोकळा.

बाकी आमची बाजूही ऐका. आम्ही ४० ऑफर दिल्या आणि निम्मी मुलं आली, तर पुढच्या वर्षी मी त्या कॉलेजचं नाव माझ्या साहेबांपुढे कोणत्या तोंडाने ठेवू? टीपीओ तुझ्यावर चिडत नाहीत, पुढच्या बॅचची भीती असते त्यांना.

आणि तुझा मुद्दा तू नीट मांडलाच नाहीस. दीडपट मोजतात ती सीटीसीवर, म्हणजे कंपनी तुझ्यावर वर्षाला दाखवते त्या एकूण खर्चावर. समजा उद्या कुणी ५.५ लाख घेऊन आलं. त्यात ६० हजार रिटेन्शन बोनस, तोही दोन वर्षं टिकलास तर. ४५ हजार व्हेरिएबल. ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून २५ हजार. उरले ४.२ लाख, म्हणजे पीएफ कापण्याआधी महिना ३५ हजार. ती कंपनी 'ड्रीम'! चाकणवाल्यांनी ५ पैकी ४.७ फिक्स्ड दिले तर महिना ३९ हजार पडतात, आणि ती ड्रीम नाही. सरांकडे जाताना दोन्ही कंपन्यांचं पगाराचं विवरण घेऊन जा, नुसतं 'अन्याय' म्हणू नकोस.

मेकॅनिकल, शेवटचं वर्ष
हे डोक्यातच आलं नव्हतं. नियमांचा कागद परत काढला. 'पॅकेज' एवढंच लिहिलंय, सीटीसी की फिक्स्ड ते नाही. कोअर शाखेसाठी सवलतही कुठे नाही. शेवटी एक ओळ आहे: 'अपवादात्मक बाबतीत अंतिम निर्णय टीपीओंचा.'

माजी कोऑर्डिनेटर
मग त्या ओळीवरच अर्ज कर. विभागप्रमुखांची सही घे, काम तुझ्या शाखेचं आहे हे त्यांच्याकडून लिहून घे. आमच्याकडे कोअरसाठी दीडपटीची अट नव्हतीच, एकदा बसू द्यायचे. मात्र तिथे निवड झाली तर आधीची ऑफर त्याच दिवशी सोडावी लागायची, म्हणजे दोन धरून बसता येत नसे. तू हे स्वतःहून लिहून दे.

अर्ज मंजूर होऊन चाकणला निवड होईपर्यंत हातातली ऑफर मात्र सोडू नकोस. माझ्या वेळी एकाने रागात मेल टाकला, आणि मग दोन्हीकडून गेला.

त्याच वर्गातला
मी याच्याच वर्गात आहे, नाव ओळखेलच तो. चाकणच्या कंपनीला आपल्या शाखेतून ४ जण हवेत. अर्ध्या वर्गाच्या हातात अजून काहीच नाही. तू बसलास तर तू निवडला जाशील, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. उरल्या ३.

मेकॅनिकल, शेवटचं वर्ष
अरे, पण मी माझी सर्व्हिसवाली सोडेन ना. जागांची बरोबरीच होईल.

त्याच वर्गातला
नाही होणार. ती कंपनी सप्टेंबरमध्ये येऊन गेली. तू सोडलेली जागा मला मिळणार नाहीये, ती वाऱ्यावर जाणार. आणि सर्व्हिसला अर्ज करायची सक्ती नव्हती. मी केला नाही, कारण मला कोअरच हवं होतं. त्याची किंमत चार महिने देतोय.

भरती विभागातली
हे मात्र खरं बोलला. अर्ज न करण्याची मुभा होती का तुमच्याकडे?

मेकॅनिकल, शेवटचं वर्ष
होती. पण वडील म्हणाले, हातात एक तरी असू दे. कोअर कंपनी आलीच नसती तर? गेल्या वर्षी दोनच आल्या होत्या.

सडेतोड
म्हणजे सेफ्टीही हवी आणि ड्रीमही.

माजी कोऑर्डिनेटर
सगळ्यांना तेच हवं असतं हो. नियम लिहिणाऱ्यांनी तो हिशोब आधी करायला हवा, २१ वर्षांच्या पोराने नाही.

त्याच वर्गातला
तू सोमवारी अर्ज घेऊन जा. मीही येतो विभागप्रमुखांकडे, विरोधातला अर्ज घेऊन. आम्ही बाराजण सह्या करतोय.