अनुभव धागा: ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून विचारणा करताना आवड आणि मानधन कसे मांडले?

गडहिंग्लजकर (धागाकर्ती)

मी यंदा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम पूर्ण केला असून तात्पुरती सनद हाती आली आहे. कोल्हापुरात ज्युनिअर म्हणून काम शिकण्यासाठी मी एका ज्येष्ठ वकिलांना पुढील मजकुराचे पत्र दिले.

‘आदरणीय सर, मला दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, ग्राहक आणि सेवाविषयक अशा सर्व शाखांमध्ये रस आहे. आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी मिळावी, ही विनंती. मानधनाबाबत माझा कोणताही आग्रह नाही.’

सरांनी मला बोलावले, पत्र माझ्यासमोर ठेवले आणि दोनच प्रश्न विचारले. ‘सर्व शाखांमध्ये रस आहे, तर उद्या सकाळी तुमच्या हातात कोणती फाईल देऊ?’ आणि ‘आग्रह नाही म्हणता, पण राहता कुठे आणि महिन्याला खर्च किती येतो?’ मला दोन्हींचे उत्तर देता आले नाही. त्यांनी नकार दिला नाही, आठवड्याने पुन्हा या म्हणाले. हा आठवडा मला नीट वापरायचा आहे. आपण पहिल्या वेळी काय लिहिले होते, त्यावर समोरून काय विचारले गेले आणि पुढे त्याचा परिणाम काय झाला, हे आपापल्या अनुभवातून कृपया लिहावे.

कसबा बावडा

मी सव्वीस वर्षे दिवाणी बाजूला वकिली करतो आणि दरवर्षी निकालानंतर माझ्याकडे अशी दहा-बारा पत्रे येतात. त्यांपैकी बहुतेकांत हीच दोन वाक्ये असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

‘मानधनाबाबत आग्रह नाही’ हे वाक्य नम्रतेचे वाटते, पण मला त्याची भीती वाटते. काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी त्याच शब्दांवर ठेवून घेतले आणि काहीही देत नव्हतो. चौथ्या महिन्यापासून तो दुपारी एका शिकवणी वर्गात शिकवायला जाऊ लागला आणि संकोचाने मला बोलला नाही. त्या सुमारास एका वाटपाच्या दाव्यात आम्ही प्रतिवादीतर्फे हजर झालो होतो. कैफियतीसाठी समन्स मिळाल्यापासून तीस दिवस असतात आणि न्यायालयाने सवलत दिली तरी नव्वद. मसुदा मी तयार करून दिला होता, पक्षकाराची सही व प्रतिज्ञालेख घेऊन तो दाखल करण्याचे काम त्याच्याकडे होते. नव्वद दिवस उलटले आणि दावा ‘विना कैफियत’ पुढे चालवण्याचा आदेश झाल्याचे मला रोजनामा पाहताना कळले. साध्या दिवाणी दाव्यात सबळ कारण दाखवल्यास ही मुदत शिथिल होऊ शकते, त्यामुळे अर्ज देऊन आणि खर्चाची रक्कम भरून आम्ही आदेश रद्द करून घेतला. वाणिज्य दावा असता तर एकशेवीस दिवसांनंतर कोणताही अर्ज कामास आला नसता. ती रक्कम मी स्वतः भरली, कारण त्या मुलाचे घरभाडे कसे भागते हे मी एकदाही विचारले नव्हते.

तेव्हापासून मी पहिल्या महिन्यापासून सहा हजार आणि पेट्रोल देतो, सहा महिन्यांनी रक्कम वाढवतो. ही रक्कम मोठी नाही याची मला जाणीव आहे. पण मुलाखतीत मी खर्चाचा आकडा विचारतो, कारण त्या आकड्यावरून हा माणूस दुपारी तीन वाजता माझ्या कार्यालयात असेल की नाही, हे समजते.

आवडीबद्दल इतकेच सांगतो की शाखेचे नाव लिहिण्यापेक्षा त्या शाखेतील एक टप्पा लिहावा. ‘मनाईच्या कामात रस आहे, निशाणी ५ च्या अर्जावरील दोन सुनावण्या मी बसून ऐकल्या आणि प्रथमदर्शनी हक्क दाखवताना सातबाऱ्यावरील फेरफारांना किती वजन मिळते, हे मला शिकायचे आहे,’ असे कोणी लिहिले तर मी त्याच संध्याकाळी फोन करतो. अशा मुलाला पहिल्या दिवशी काय द्यायचे हे मला ठाऊक असते.

पन्हाळा रोड

ताई, आपण खर्च वगैरे सांगत बसू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून ज्युनिअरला शहरी भागात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये देणे बंधनकारक केले आहे. परिपत्रकाची प्रत पत्रासोबत जोडा. माझ्या भावाने तसेच केले. त्याला अजून उत्तर आलेले नाही, पण हक्काची गोष्ट मागायला संकोच कशाला?

कसबा बावडा

आकडे बरोबर आहेत, परंतु ‘बंधनकारक’ हा शब्द बरोबर नाही. ते परिपत्रक शिफारसवजा आहे आणि लहान कार्यालयांना ही रक्कम परवडेलच असे नाही, हे त्यातही मान्य केलेले आहे. आपल्या भावाला उत्तर का आले नाही, याचे कारण कदाचित त्या जोडलेल्या प्रतीत असेल.

शाहूपुरी तिसरी गल्ली

मी या मताशी पूर्ण सहमत नाही. शिफारस असली तरी तो आकडा ज्युनिअरने मनात ठेवला पाहिजे, नाहीतर तीन हजारसुद्धा उपकार वाटू लागतात. मला दीड वर्ष तीन हजार मिळत होते आणि वाढ मागायचे शब्दच माझ्याकडे नव्हते, कारण पहिल्याच पत्रात मी ‘अपेक्षा नाही’ असे लिहून दिले होते. वाढीचा विषय काढला तेव्हा तेच वाक्य मला ऐकवले गेले. म्हणून रकमेइतकीच फेरविचाराची तारीख महत्त्वाची आहे, असे मी सांगेन. ‘सहा महिन्यांनी माझे काम पाहून मानधनाचा विचार व्हावा’ हे एक वाक्य मी लिहिले असते, तर विषय मला काढावा लागला नसता.

आपल्या स्वतःच्या पक्षकाराचे काम घेता येईल का, हेही आधीच विचारावे. माझ्या मावशीचा धनादेश न वटल्याचा खटला मला बाहेरच्या वकिलांकडे द्यावा लागला, कारण त्या कार्यालयात ज्युनिअरला स्वतःचे वकीलपत्र दाखल करण्याची मुभा नव्हती आणि हे मला रुजू झाल्यावर कळले.

रंकाळा सकाळ

माझा अनुभव सर्किट बेंचचा आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग व कोल्हापूर या सहा जिल्ह्यांची कामे येथे येऊ लागली. जिल्हा न्यायालय कसबा बावड्यात आणि बेंच सीपीआरजवळच्या जुन्या न्यायालय इमारतीत, त्यामुळे ज्या ज्येष्ठांची दोन्हीकडे कामे आहेत त्यांना एकाच सकाळी दोन्ही ठिकाणी माणूस लागतो.

मला तेथे प्रवेश मिळाला तो एका साध्या कौशल्यावर. खालच्या न्यायालयातील सरतपास, उलटतपास, खरेदीखते, फेरफार हे सारे मराठीत असते आणि वर अपील नेताना त्याचे इंग्रजी भाषांतर लागते. मी माझ्या विनंतीपत्रासोबत एका जुन्या खरेदीखताचे, नावे झाकून केलेले, तीन पानांचे भाषांतर जोडले होते. ‘चतुःसीमा’, ‘पोटहिस्सा’, ‘कब्जेगहाण’ हे शब्द मी कसे हाताळले, एवढेच मॅडमनी पाहिले. ‘कब्जेगहाण’ला मी नुसते गहाण म्हटले होते. ती चूक त्यांनी पेन्सिलने दुरुस्त केली, ताबा कोणाकडे जातो ते विचारले आणि सोमवारपासून या म्हणाल्या. मानधनाबाबत मी ‘भाषांतराचे पानामागे वेगळे मिळाल्यास मासिक रक्कम कमी चालेल’ असे लिहिले होते आणि त्यांना ते सोयीचे वाटले. काही महिने माझी पानांची रक्कम मासिक मानधनापेक्षा जास्त झाली, काही महिने एकही पान आले नाही. भाडे पानांवर अवलंबून ठेवू नये, हे त्यातून शिकले.

करवीर वाचक

मला वेगळे विचारायचे आहे. आमचा आजोबांच्या जमिनीचा वाटपाचा दावा नऊ वर्षे चालू आहे. फी आम्ही मोठ्या वकिलांना पाहून दिली, पण प्रत्येक तारखेला त्यांचा ज्युनिअरच येतो आणि पुढची तारीख घेऊन जातो. याची तक्रार कोठे करावी?

शाहूपुरी तिसरी गल्ली

काका, आपला प्रश्न या धाग्याचा नाही, तरी सांगते. तक्रारीआधी दाव्याचा रोजनामा पाहावा. ई-कोर्ट ॲपवर सीएनआर क्रमांक टाकला की प्रत्येक तारखेला काय झाले ते दिसते. आपल्याच बाजूने मुदतीचे अर्ज गेले असतील तर मोठ्या वकिलांना भेटून स्पष्ट विचारावे. ज्युनिअरला ती मुदत बहुधा सांगूनच पाठवलेले असते.

करवीर वाचक

पाहिले. शेवटच्या पाचपैकी तीन वेळा समोरच्यांनी मुदत घेतली आहे. आमचा मुलगा तिन्ही वेळा हजर होता. त्याला या कामाचे काही मिळते की नाही, हे मी कधी विचारलेच नाही.

न्यायाधीश व्हायचंय

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आणि हा कालावधी तात्पुरत्या सनदेपासून मोजायचा आहे. वकिलीचा दाखला न्यायालयाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देतात किंवा दहा वर्षे वकिली झालेले वकील देतात आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्यांचे पृष्ठांकन लागते. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांना परीक्षेचे आधीच सांगितले. एकांनी ‘तीन वर्षांनी जाणाऱ्याला मी का शिकवू?’ असे म्हणून परत पाठवले. दुसऱ्यांनी ठेवून घेतले, मात्र मानधन प्रवासखर्चापुरतेच ठरवले. माझ्या मित्राने हे लपवले आणि त्याला चांगले मानधन मिळते. मी चूक केली का, हे मला अजून ठरवता येत नाही.

कसबा बावडा

मी तुम्हाला ठेवून घेतले असते. माझे अनेक वकीलमित्र घेणार नाहीत, हेही खरे आहे. पण दाखल्यावर सही ज्यांची घ्यायची, त्यांना तिसऱ्या वर्षी हे पहिल्यांदा कळावे, हे मला पटत नाही.

गडहिंग्लजकर (धागाकर्ती)

सर्वांची मनापासून आभारी आहे. मधले तीन दिवस मी कसबा बावड्याच्या न्यायालयात बसले आणि सरांच्या नावाचे बोर्ड पाहून त्यांचीच कामे ऐकली. त्यात दरखास्तीची कामे अधिक होती. हुकूमनामा होऊनही ताबा मिळत नाही, ही गोष्ट आमच्या घरानेही अनुभवलेली आहे, त्यामुळे ती कामे ऐकताना मी उठलेच नाही. नवे पत्र असे दिले.

‘आदरणीय सर, मंगळवार ते गुरुवार आपली कामे ऐकली. हुकूमनाम्यानंतर ताबा देताना तिऱ्हाईत इसम हरकत घेतो तेव्हा काय करावे, हे मला शिकायचे आहे. त्यासाठी नकला काढणे, रोजनामा उतरवणे आणि मराठी कागदपत्रांचे भाषांतर ही कामे मी पहिल्या दिवसापासून करू शकेन. फौजदारी कामाचा मला अनुभव नाही, सांगाल तसे शिकेन. राजारामपुरीत खोलीचे भाडे व जेवण मिळून मला दरमहा साडेसात हजार खर्च येतो. त्यांपैकी चार हजार घरून वर्षभर मिळतील. उरलेल्या रकमेपुरते मानधन मिळाल्यास मी पूर्ण वेळ कार्यालयात राहू शकेन. रक्कम कमी-अधिक करण्यास माझी तयारी आहे. सहा महिन्यांनी काम पाहून फेरविचार व्हावा, ही विनंती.’

सरांनी पत्र वाचून ‘घरून वर्षभर’ या शब्दांखाली रेघ ओढली आणि वर्षानंतर काय, असे विचारले. मी म्हणाले, तोवर माझे स्वतःचे एखादे वकीलपत्र असावे अशी इच्छा आहे. त्यावर ते काही बोलले नाहीत. चार हजार आणि नकलांचा खर्च वेगळा, असे ठरले. स्वतःच्या कामाबद्दल दिवाळीनंतर बोलू, असे ते म्हणाले. सोमवारी सकाळी साडेदहाला एका दरखास्तीत बेलिफाचा अहवाल वाचून त्याचा एक पानी गोषवारा करायचा आहे. बेलिफाच्या अहवालात नेमके काय पाहावे, हे कोणी आज रात्री सांगू शकेल का?

कसबा बावडा

पंच कोण होते, चतुःसीमा हुकूमनाम्याशी जुळतात का आणि हरकत घेणाऱ्याने स्वतःला कोण म्हणवले, हे आधी पाहा. कुळ म्हटले आहे की भाऊबंद, यावर पुढचा सारा अर्ज उभा राहतो.