अनुभव धागा: समोरच्याला प्रत्येक मेल दोनदा मिळतो

मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. शिक्षक-खोलीतल्या संगणकावरून मी पाठवलेला प्रत्येक मेल दोनदा पोहोचतो आहे. आयटी विभागाला जे कळवलं ते जसंच्या तसं खाली देते. असा प्रकार ज्यांनी पाहिला किंवा निस्तरला असेल, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा.

«नमस्कार सर, शिक्षक-खोलीतल्या संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममधून पाठवलेला प्रत्येक मेल समोरच्याला दोनदा मिळतो. पालकांनी सांगितल्यावर मी माझ्याच खासगी पत्त्यावर एका ओळीचा मेल पाठवून पाहिला, तोही दोनदा आला. मजकूर तंतोतंत एकच, दुसरा साधारण मिनिटाभराने येतो. माझ्या ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये मात्र एकच प्रत आहे. हेच खातं फोनवर किंवा ब्राउझरमध्ये उघडून पाठवलं तर एकदाच जातो. ‘पाठवा’ मी एकदाच दाबते. पट्टी शेवटपर्यंत जाते, तिथेच बराच वेळ अडकते आणि मग पुन्हा पहिल्यापासून धावते. चाचणीच्या गुणांचा मेल असाच दोनदा गेला. दुसऱ्यात गुण बदलले असावेत असं वाटून एका पालकांनी दोन्ही पत्रकं ओळ न् ओळ ताडून पाहिली. त्यांना झालेला त्रास मला फार लागला आहे, म्हणून लवकर पाहावं ही विनंती.»

लेखापाल

बाई, आमच्या कार्यालयात अगदी हेच झालं होतं. ‘पाठवलेले’मध्ये प्रत्येक मेलच्या दोन प्रती दिसायच्या. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘पाठवलेल्या मेलची प्रत ठेवा’ अशी एक खूण असते, ती काढली आणि प्रश्न मिटला. तुम्हीही काढून पाहा.

मेल सर्व्हर सांभाळणारा

लेखापालांचा उपाय बरोबर आहे, पण दुखणं वेगळं आहे. काही सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत आपणहून ठेवतात आणि प्रोग्रॅमही वेगळी ठेवतो. मग पाठवणाऱ्याला दोन दिसतात, पण मिळणाऱ्याला एकच मिळतो. बाईंच्या बाबतीत नेमकं उलट आहे. ती खूण काढली तर त्यांच्याजवळ असलेली एकुलती प्रतही राहणार नाही.

बाईंनी पट्टीबद्दल लिहिलंय ते सगळ्यात मोलाचं आहे. मेल पाठवताना प्रोग्रॅम सगळा मजकूर सर्व्हरला देतो, शेवटी एका ओळीवर नुसता पूर्णविराम ठेवतो आणि ‘मिळालं’ या उत्तराची वाट पाहतो. ते उत्तर म्हणजे `250` हा आकडा. मजकूर पोहोचला पण ही पोच वेळेत परत आली नाही, तर प्रोग्रॅमला वाटतं मेल गेलाच नाही. तो मेल आउटबॉक्समध्येच ठेवतो आणि पुन्हा पाठवतो. सर्व्हरने मात्र पहिला केव्हाच पुढे धाडलेला असतो. ‘पाठवलेले’मध्ये एकच प्रत का, तेही यातून उलगडतं, कारण पोच मिळाल्यावरच प्रोग्रॅम तिथे प्रत ठेवतो.

ही अडचण जुनी आहे. इंटरनेटचं काम कसं चालावं हे सांगणाऱ्या दस्तऐवजांना आरएफसी म्हणतात. १९८८ साली क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी १०४७ मध्ये फक्त हाच प्रश्न मांडला होता. आजचा नियम, आरएफसी ५३२१, सांगतो की शेवटच्या पूर्णविरामानंतर निदान १० मिनिटं थांबावं. घरगुती आणि कार्यालयीन प्रोग्रॅम बरेचदा मिनिटभरातच कंटाळतात.

बाई, खासगी पत्त्यावर आलेले दोन्ही मेल उघडून त्यांचे पूर्ण हेडर, म्हणजे मजकुराच्या वर असलेली मेलच्या प्रवासाची नोंद, पाहाल का? `Message-ID` आणि सगळ्यात खालची `Received` ओळ, एवढंच हवं आहे.

सोसायटीची सचिव

आमच्या सूचनाही सभासदांना दोनदा जायच्या. शोधल्यावर कळलं की त्यांचे पत्ते गटातही होते आणि ‘प्रति’मध्ये सुटेही. बाईंनी पालकांच्या गटाची यादी तपासावी.

मेल सर्व्हर सांभाळणारा

सचिव मॅडम, तसं असतं तर गटातही आणि सुटेही असलेल्या पालकांनाच दोन मिळाले असते. बाईंनी स्वतःला, एकाच पत्त्यावर पाठवलेला मेलही दोनदा आला आहे.

विज्ञान शिक्षिका

हेडर पाहिले. दोन्हींचा `Message-ID` एकच आहे. शाळेचं नाव काढून बाकीचं देते:

```
Message-ID: <5d1c.77@school.example>

Received: by mail.school.example
  id 4F2A; 10:42:07

Received: by mail.school.example
  id 4F9C; 10:43:11
```

मेल सर्व्हर सांभाळणारा

यात सगळं आलं. `Message-ID` एकच म्हणजे मेल एकदाच लिहिला गेला. बटण दोनदा दाबलं असतं तर बहुधा दोन वेगळे आयडी दिसले असते. सगळ्यात खालची ओळ तुमच्या शाळेच्या सर्व्हरची आहे आणि तिथेच `4F2A` आणि `4F9C` असे दोन वेगळे क्रमांक पडले आहेत. म्हणजे सर्व्हरने एकाचे दोन केले नाहीत, त्याच्या हातात मेल दोनदा आला. मधलं अंतर ६४ सेकंदांचं, म्हणजे एक मिनिटाची मुदत आणि पुन्हा जोडणी करायला लागलेले काही क्षण. फोनवरून एकदाच जातो, तेव्हा अडथळा त्या संगणकावरच असणार. आयटीच्या सरांना विचारा, तिथला अँटिव्हायरस बाहेर जाणारे मेल तपासतो का? तो प्रोग्रॅम आणि सर्व्हर यांच्या मधे बसतो आणि पोच त्याच्याकडेच अडकू शकते.

महाविद्यालयातला तंत्रसहायक

आमच्याकडे नेट संथ होतं, त्यामुळे दोनदा जायचे. बाईंचंही तेच असेल.

मेल सर्व्हर सांभाळणारा

मोठी फाइल जोडलेली असेल तर नेटवर संशय घेता येतो. पण एका ओळीचा मेल संथ नेटवरही लगेच जातो. शिवाय पूर्णविरामाच्या आधी कितीही वेळ लागला आणि जोडणी तुटली, तरी अर्धा मेल सर्व्हर टाकून देतो, त्याची दुसरी प्रत होत नाही. वेळ पूर्णविरामानंतर गेला तरच दोन होतात. पट्टी शेवटी अडकते की मधेच, हे म्हणूनच विचारावं लागतं.

विज्ञान शिक्षिका

आयटीच्या सरांनी आज येऊन पाहिलं. बाहेर जाणाऱ्या मेलची तपासणी नुकत्याच झालेल्या अद्ययावतीकरणात आपोआप सुरू झाली होती. त्यांनी तेवढी एकच तपासणी थांबवली, बाकी अँटिव्हायरस चालू आहे. चाचणीचा मेल एकदाच आला. मग ती पुन्हा सुरू करून मुदत एका मिनिटाची पाच मिनिटं केली, तरीही एकदाच आला, पण पट्टी शेवटाला तशीच दीड मिनिट थांबली. पालकांना मी कळवलं आहे की गुणांची दोन्ही पत्रकं एकच आहेत.

बँकेतली सुरक्षा अधिकारी

मॅडम, शाळेच्या सर्व्हरवर मेलची तपासणी होत असेल, तर संगणकावरची बंद ठेवली तरी चालेल. ती होत नसेल तर सुरू ठेवून मुदतच वाढवावी. हे आयटीला लेखी विचारून घ्या.

लेखापाल

मला एक कळलं नाही. पहिल्यांदा दीड मिनिट लागतं, तर दुसऱ्यांदाही तेवढंच लागायला हवं. मग तिसरा, चौथा मेल का गेला नाही?

मेल सर्व्हर सांभाळणारा

मलाही तेच खटकतं आहे. एकदा तपासलेला मजकूर अँटिव्हायरस लक्षात ठेवत असेल आणि दुसऱ्यांदा पोच लगेच सोडत असेल, असा माझा अंदाज आहे, पण सिद्ध करता येत नाही. बाई, सर पुन्हा आले तर मुदत एका मिनिटावर आणून त्यांना अँटिव्हायरसची लॉग फाइल उघडायला सांगा. दोन्ही खेपांना तपासणी किती वेळ चालली ते त्यात दिसेल.