मदत हवी आहे: हप्त्यांवरची ऑर्डर आपोआप रद्द होते आणि कर्ज मात्र मंजूर होते, स्टेटस नेमके कोणते दाखवावे?

घरघंटीवाला_खानापूर

आमचे खानापुरात घरगुती पिठाच्या गिरण्यांचे दुकान असून गेल्या चार महिन्यांपासून संकेतस्थळावर हप्त्यांचा पर्याय सुरू केला आहे. ग्राहक हप्ते निवडतो, फायनान्स कंपनीच्या पानावर जातो, परत येतो आणि त्यानंतर ऑर्डरचे स्टेटस काय दाखवावे याचा घोळ सुरू होतो. काल एक ऑर्डर रद्द झाली आणि ग्राहकाला कर्जमंजुरीचा संदेश आला. ग्राहक चंदगडचे आहेत आणि आज सकाळपासून त्यांचे तीन फोन आले. मंजुरीची वाट पाहताना आणि पैसे आमच्या खात्यात येईपर्यंत कोणते स्टेटस ठेवावे, एवढेच सांगावे. संध्याकाळपर्यंत उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

निपाणीकर

आमच्याकडे क्रेडिट कार्डाचे हप्ते आहेत आणि अशी अडचण कधीच आली नाही. कार्डावर पूर्ण रक्कम लागलीच पडते, ऑर्डर लगेच पक्की होते आणि हप्ते पाडण्याचे काम ग्राहकाची बँक करते. तुम्हीही तोच मार्ग धरावा.

घरघंटीवाला_खानापूर

आमच्या निम्म्या ग्राहकांकडे क्रेडिट कार्ड नाही, म्हणून तर हा पर्याय घेतला. प्रश्न कार्डाचा नाही.

नोंदवही

आपण सांगितलेले पुरेसे नाही. दुकान कोणत्या प्रणालीवर आहे, ग्राहक परत आल्यावर ऑर्डर कोणत्या स्टेटसला होती, ती रद्द कोणी केली आणि मंजुरी किती वाजता आली, हे कळल्याशिवाय काहीही सांगणे म्हणजे अंदाज होईल. ऑर्डरच्या उजव्या बाजूला नोंदी दिसतात, त्या वेळेसह येथे उतरवाव्यात.

घरघंटीवाला_खानापूर

वूकॉमर्स आहे, हे लिहायचे राहिले. ऑर्डर 11:10 ला `Pending payment` म्हणून नोंदली गेली. ग्राहकाने ओटीपी, केवायसी आणि बँकेतून हप्ता कापण्याची परवानगी हे सर्व पूर्ण केले आणि 11:25 ला ते आमच्या पानावर परत आले. स्टेटस तेच राहिले. 12:15 ला 'वेळेची मर्यादा संपल्याने रद्द' अशी नोंद दिसते. ऑर्डर आम्ही कोणीही रद्द केलेली नाही. 1:05 ला दुसऱ्या ग्राहकाने यूपीआयने तीच गिरणी घेतली, ती शेवटची होती. मंजुरीचा निरोप 2:40 ला आला. किंमत 18,600 रुपये.

सुधारक_अनगोळ

सापडले. वूकॉमर्समध्ये न भरलेल्या ऑर्डरसाठी माल राखण्याची मुदत मुळात 60 मिनिटे असते आणि ती संपली की प्रणाली ऑर्डर रद्द करते. हप्त्यांच्या ऑर्डरींना त्यातून वगळले की झाले. पद्धतीचे नाव तुमच्या प्लगिनप्रमाणे बदलून घ्यावे:

```php
add_filter( 'woocommerce_cancel_unpaid_order', function ( $cancel, $order ) {
    return 'emi_lender' === $order->get_payment_method() ? false : $cancel;
}, 10, 2 );
```

नोंदवही

निदान बरोबर आहे, उपाय अर्धा आहे. या ओळींमुळे ऑर्डर रद्द होणार नाही. पण `Pending payment` मध्ये माल फक्त त्याच मुदतीपुरता राखलेला असतो. मुदत संपली की ऑर्डर जिवंत राहील आणि गिरणी 1:05 ला दुसऱ्याला विकली जाईलच. शिवाय पान मध्येच सोडून गेलेल्यांच्या ऑर्डरीही कायम पडून राहतील.

जो ग्राहक फायनान्स कंपनीच्या पानावरून परत आलाच नाही, त्याची ऑर्डर `Pending payment` मध्ये राहून तासाभराने रद्द होणे योग्यच आहे. परंतु अर्ज पूर्ण झाला असून निर्णय बाकी आहे असे फायनान्स कंपनीचा सर्व्हर सांगत असेल, तर ऑर्डर `On hold` मध्ये न्यावी. तेथे माल साठ्यातून वजा होतो आणि आपोआप रद्द होण्याचा नियम लागू होत नाही. मंजुरीनंतर `Processing`, नकारानंतर `Failed`. ग्राहक आपल्या पानावर परत आला म्हणजे कर्ज मंजूर झाले असे नव्हे. निर्णय सर्व्हरकडून येणाऱ्या निरोपावरूनच धरावा आणि तो निरोप हरवू शकतो म्हणून दर अर्ध्या तासाने स्वतःहून विचारणाही करावी.

```php
$order->update_status( 'on-hold', 'कर्जाचा अर्ज पूर्ण, निर्णय बाकी' );
// अंतिम मंजुरीचा निरोप आल्यावर
$order->payment_complete( $loan_ref );
```

हिशेबनीस_टिळकवाडी

मी याला सहमत नाही. पैसे खात्यात जमा होईपर्यंत ऑर्डर `On hold` मध्येच ठेवावी. मंजुरी म्हणजे शब्द आणि जमा म्हणजे पैसा. व्यापाऱ्याने शब्दावर माल पाठवू नये.

नोंदवही

माल कधी पाठवायचा हा आपला निर्णय आहे, पण ग्राहकाला काय दाखवायचे हा वेगळा प्रश्न आहे. मंजुरीनंतर कर्ज त्याच्या नावावर चढलेले असते, तर आपल्याकडे रक्कम दोन-तीन कामकाजाच्या दिवसांनी येते आणि मध्ये दुसरा किंवा चौथा शनिवार आला की आणखी लांबते. तेवढे दिवस त्याला 'पैसे मिळण्याची वाट पाहत आहोत' असे दिसले, तर काय होते ते मी पाहिले आहे. शहापूरच्या एका साडी दुकानात ग्राहकाने घाबरून तीच रक्कम यूपीआयनेही भरली होती. म्हणून सेटलमेंट हे ऑर्डरचे स्टेटस करू नये. ऑर्डरमध्ये वेगळा रकाना ठेवावा आणि तो फक्त दुकानाला दिसावा.

हिशेबनीस_टिळकवाडी

रकान्याची सूचना मान्य आहे, कारण जमा होणारी रक्कम ऑर्डरएवढी कधीच नसते. 18,600 वर समजा 3 टक्के शुल्क, म्हणजे 558 रुपये, आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 100.44 रुपये कापले, तर 17,941.56 रुपये येतात, तेही बहुधा अनेक ऑर्डरींच्या एकत्र रकमेत. कोणीतरी ऑर्डरची रक्कमच बदलून जुळवणी करतो, ते करू नये; बिल 18,600 चेच राहते. माल कर्नाटकातून चंदगडला म्हणजे महाराष्ट्रात पाठवत असाल, तर बिलावर आयजीएसटी लागतो, हेही पाहावे.

निपाणीकर

स्टेटसचा मजकूर मराठीत की कन्नडमध्ये ठेवता? आमच्याकडे यावरून दर आठवड्याला कोणीतरी रागावतो.

नोंदवही

दोन्ही ठेवावे. मजकुरावर आलाच आहात तर सांगतो: ऑर्डर `On hold` मध्ये गेली की वूकॉमर्स आपोआप ईमेल पाठवते आणि त्यात पैसे मिळाल्याची खात्री होईपर्यंत ऑर्डर थांबवली आहे अशा अर्थाचे वाक्य असते. ते बदलून 'आपला कर्जाचा अर्ज फायनान्स कंपनीकडे तपासला जात आहे, गिरणी आपल्यासाठी राखून ठेवली आहे, कृपया पुन्हा पैसे भरू नयेत' असे करावे. एसएमएस पाठवत असाल, तर नवा मजकूर डीएलटीवर आधी नोंदवावा लागतो.

घरघंटीवाला_खानापूर

प्लगिनमध्ये 'तपास चालू असताना' असा रकाना सापडला, तो रिकामाच होता. पण चंदगडच्या ग्राहकांचे काय करू? गिरणी नवी यायला आठ दिवस लागतील. त्यांना 18,600 रुपये रोख परत देऊ का?

नोंदवही

रोख मुळीच देऊ नये. कर्ज तसेच उभे राहील आणि हप्ते कापले जातील. ते आठ दिवस थांबायला तयार असतील, तर रद्द ऑर्डरच `Processing` मध्ये आणून तारीख लेखी कळवावी. नसतील, तर फायनान्स कंपनीच्या परताव्याच्या मार्गाने कर्ज रद्द करावे आणि कर्ज बंद झाल्याचे पत्र ग्राहकाला मिळाल्याची खात्री करावी. ते स्वतःही कर्जातून बाहेर पडू शकतात. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या डिजिटल कर्जाच्या निर्देशांनुसार त्यासाठी किमान एक दिवसाची मुदत असते. मात्र ती नेमकी किती आणि कधी संपते हे त्यांच्या करारातच लिहिलेले असेल, आणि मंजुरी काल 2:40 ची आहे.

सुधारक_अनगोळ

मग ती मुदत संपेपर्यंत कोणतीही गिरणी दुकानाबाहेर काढूच नये.

हिशेबनीस_टिळकवाडी

प्रथमच आपले पटले.

नोंदवही

मला पटत नाही. ग्राहक कर्जातून बाहेर पडला, तरी मूळ रक्कम तो फायनान्स कंपनीला फेडतो आणि आपली विक्री तशीच राहते. गिरणी परत करायची असेल, तर तो आपल्या परताव्याच्या नियमांचा विषय आहे.

घरघंटीवाला_खानापूर

ग्राहकांशी बोललो. ते आठ दिवस थांबणार आहेत, पण पहिला हप्ता 5 तारखेला आहे आणि गिरणी त्यानंतर पोहोचेल. तो हप्ता पुढे ढकलता येतो का, हे फायनान्स कंपनीला विचारले आहे. उत्तर आले की येथे लिहितो. `On hold` मध्ये किती तास ठेवून मग रद्द करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही.

नोंदवही

फायनान्स कंपनीचा अर्ज किती काळ वैध राहतो ते आधी विचारा. आपली मर्यादा त्याहून कमी असेल, तर कालचाच प्रकार पुन्हा होईल.