बाळाचं नाव आजोबांचं ठेवायचं का? (आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा, इंदिरानगर, नाशिक)

माधुरी देवरे (बी ४०३): सगळ्यांना नमस्कार, रविवारी बाळाचं बारसं आहे, सगळ्यांनी यायचंच, संध्याकाळी ५ ला क्लबहाऊसमध्ये. एक विचारायचं होतं. सासूबाईंची फार इच्छा आहे की बाळाला आमच्या कै. पप्पांचं नाव ठेवायचं, दामोदर. आम्हालाही आवडतंय. पण यशवंत म्हणतोय पुढे कागदपत्रात घोळ होईल. कोणाच्या घरात असं नाव आहे का, आणि खरंच त्रास होतो का?

कुलकर्णी काकू (ए १०१): अभिनंदन गं माधुरी!! नाव छानच आहे. आमच्यात तर पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव असायचं, विचारायची पद्धतच नव्हती. फक्त आजोबा हयात असतील तर आमच्या घरी ठेवत नसत, गेल्यावरच.

स्नेहल (सी २०२): काकू आमच्या माहेरी आजोबा असतानाच भावाला त्यांचं नाव ठेवलं होतं, त्यांना उलट भारी कौतुक 😄 प्रत्येक घराचं वेगळं असतं ते.

कुलकर्णी काकू (ए १०१): हो असेल ना. पण मग घरात हाक कशी मारायची हा प्रश्न यायचाच बघ. माझ्या सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नसत आणि आम्ही सुना सासऱ्यांचं घेत नव्हतो, म्हणजे ज्या पोराला ते नाव ठेवलंय त्या पोराला घरातल्या निम्म्या बायका नावाने हाकच मारू शकत नाहीत, रागवायचं तर लांबच. म्हणून मग बाळ, नाना, बापू, अण्णा, भाऊ असलं काहीतरी. माझे मोठे दीर ८० वर्षांचे झाले तरी बाळूच, त्यांचं खरं नाव मला लग्नपत्रिकेत कळलं होतं.

संदीप पगारे (बी १०४): पेशव्यांचं बघा ना. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, आणि बाजीरावांचा मुलगा परत बाळाजी. पण त्याला सगळे नानासाहेबच म्हणतात. आणि शिवाजी महाराजांचे दोन नातू, संभाजी महाराजांचे शाहू आणि राजाराम महाराज-ताराबाईंचा मुलगा, दोघांचंही नाव शिवाजीच ठेवलेलं. एक शाहू म्हणून ओळखले गेले म्हणून आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात जमतं तरी 😅

वॉचमन केबिन: उद्या सकाळी ९ ते ११ टाकी साफ होणार आहे पाणी भरून ठेवणे

माधुरी देवरे (बी ४०३): हाक मारायला आम्ही ओम ठरवलंय, त्याचं टेन्शन नाही. कागदपत्राचंच सांगा कोणीतरी. निकम काका तुम्ही तहसीलला होतात ना?

निकम काका (ए ३०३): होतो. बेटा आधी एक सांग, यशवंतच्या आजोबांचं नाव काय होतं?

माधुरी देवरे (बी ४०३): यशवंतच काका. त्यालाही आजोबांचंच ठेवलंय.

निकम काका (ए ३०३): मग यशवंतची शंका बरोबर आहे. सगळा घोळ तिथेच असतो, लोकांच्या लक्षात येत नाही. नुसतं आजोबांचं नाव नातवाला ठेवलं तर काही होत नाही कारण की मधलं नाव वेगळं पडतं. संदीपने सांगितलेलं उदाहरण घ्या, आजोबा बाळाजी विश्वनाथ, नातू बाळाजी बाजीराव, कागदावर दोन माणसं सरळ वेगळी दिसतात. पण लागोपाठ दोन पिढ्यांनी आजोबांचं नाव ठेवलं की पूर्ण नाव फिरून परत तेच येतं. तुझे सासरे दामोदर यशवंत देवरे, तुझा नवरा यशवंत दामोदर देवरे, आणि बाळ? दामोदर यशवंत देवरे. नाव तेच, वडिलांचं नाव तेच, आडनाव तेच, आणि बहुतेक पत्ता पण तोच.

माधुरी देवरे (बी ४०३): अरे देवा हो की 😳

संदीप पगारे (बी १०४): आणि पॅन कार्डावर काय असतं, नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख. त्यातलं पहिलं दोन्ही सेम. मतदार यादीत पण नाव, वडिलांचं नाव, घर नंबर, वय. फरक करायला फक्त वय उरतं. आजोबा गेल्यावर नाव कमी करायचा फॉर्म ७ भरताना अनुक्रमांक आणि ओळखपत्राचा नंबर नीट बघून टाकावा लागतो, नाहीतर जिवंत नातवाचंच नाव उडायचं.

स्नेहल (सी २०२): मुलींचं बरं आहे मग. आजी म्हणजे सुलोचना दामोदर, नात सुलोचना यशवंत. आजीच्या मधे नवरा, नातीच्या मधे बाप, ते कधी जुळणारच नाही.

कुलकर्णी काकू (ए १०१): तिथे वेगळीच गंमत असते गं. आजीचं कुठलं नाव ठेवायचं, माहेरचं की सासरचं? आमच्या आजीला माहेरी कुसुम म्हणत आणि सासरी तिची रमाबाई झाली. आत्या रमा म्हणून अडून बसली आणि मामा कुसुमसाठी, शेवटी तिसरंच नाव ठेवलं.

निकम काका (ए ३०३): खरा त्रास जमिनीत होतो. मी नोकरीत असताना एका गावात बघितलेलं प्रकरण सांगतो, गावाचं नाव नको. सातबाऱ्यावर एक नाव होतं, तो माणूस वारून पुष्कळ वर्षं झालेली पण वारस नोंद कोणी केलीच नाही. नातवाचं पूर्ण नाव अगदी तेच. सातबाऱ्यावर ना जन्मतारीख असते ना फोटो, नुसतं नाव. नातू म्हणायला लागला की ही जमीन माझ्याच नावावर आहे, बघा की उतारा. आता आजोबांना तीन मुली होत्या, त्यांचा हिस्सा कुठे गेला मग? आत्या आल्या भांडत. शेवटी जुना फेरफार काढला, ज्या नोंदीने ते नाव लागलं होतं ती १९६१ ची निघाली आणि नातवाचा जन्म १९७४ चा. जन्माआधी १३ वर्षं कोणाच्या नावावर जमीन लागत नाही, विषय तिथेच मिटला. पण तोवर घरातलं बोलणं बंद झालेलं होतं.

यशवंत देवरे (बी ४०३): काका मी याच्यासाठीच म्हणत होतो. निफाडकडची आमची शेती अजून पप्पांच्याच नावावर आहे.

निकम काका (ए ३०३): मग नावाचा निर्णय काहीही घे, पण वारस नोंद आधी कर. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि अर्ज तलाठ्याकडे. तुझी आई, तू, तुझी बहीण, तिघांचीही नावं टाकायची, बहिणीचं लग्न झालं म्हणून गाळायचं नाही. एकदा फेरफार मंजूर होऊन पप्पांच्या जागी तुमची नावं लागली की मग बाळाचं नाव काही का असेना, उताऱ्यावर गोंधळ व्हायला जागाच राहत नाही. इथला फ्लॅट पप्पांच्या नावावर असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि मनपाची घरपट्टी पण. बँकेतली एफडी वगैरे तर आधीच.

संदीप पगारे (बी १०४): काका लाईट बिल पण 🙏 निम्म्या सोसायटीची बिलं स्वर्गवासी लोकांच्या नावाने येतात.

सेक्रेटरी (बी २०१): संदीप टोमणा पोचला 😂

स्नेहल (सी २०२): पण आता आईचं नाव पण लावतात ना? माझ्या भाचीचं शाळेत तसं विचारलं होतं.

निकम काका (ए ३०३): बरोबर आठवण केलीस. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य सरकारचा निर्णय आहे, मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. शाळेचे कागद, महसुली कागद यात तसंच लिहायचं. म्हणजे आपलं बाळ होईल दामोदर माधुरी यशवंत देवरे. आजोबांच्या कुठल्याच कागदावर असं चार शब्दांचं नाव नाही, त्यामुळे तुमच्या केसमध्ये हे आयतंच कामाला येतं. मला हा निर्णय तसाही आवडला होता, आता अजून एक कारण मिळालं. मात्र तेवढ्यावर विसंबू नका, कारण की पॅन वगैरे केंद्राचे कागद आहेत, तिथे फॉर्ममध्ये कसं नाव जाईल ते तेव्हाच बघावं लागेल. जन्मतारीख सगळीकडे लिहायची सवय ठेवा, नॉमिनेशनमध्ये तर नातं आणि जन्मतारीख दोन्ही.

माधुरी देवरे (बी ४०३): जन्म दाखला अजून काढला नाही. डिलिव्हरी सिन्नरला झाली माहेरी. नाव लगेच द्यावं लागतं का?

निकम काका (ए ३०३): नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला पाहिजे, ती दवाखाना कळवतो, तुम्ही झाल्याची खात्री करून घ्या. नाव कोरं ठेवता येतं, नोंदणीपासून १२ महिन्यांत नाव टाकलं तर फी नाही, त्यानंतर फी भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. पण जन्म सिन्नरला म्हणजे नोंद पण सिन्नर नगरपरिषदेतच, आपल्या मनपात विचारून उपयोग नाही. आणि एकदा नाव चढलं की चढलं, मग बदलायचं म्हणजे राजपत्र वगैरे. तेव्हा बारसं होऊ दे, घरातले रुसवेफुगवे संपू दे, मग जा.

स्नेहल (सी २०२): माधुरी एक माझ्याकडून. ओम फक्त घरातच ठेव. आमच्या मुलाला नर्सरीत मी हाकेच्या नावाने घातलं, डोसच्या कार्डावर पण तेच आणि दाखल्यावर वेगळं, पहिलीला दोन नावांचा एकच मुलगा आहे हे पटवत बसलो. शाळेत टाकताना, डोसच्या कार्डावर, सगळीकडे दाखल्यावरचंच द्यायचं. शाळा सोडल्यानंतर तर रजिस्टरमधलं नाव बदलून घेणं महाकठीण.

संदीप पगारे (बी १०४): आणि १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा, आधार, मतदार यादी सगळीकडे जन्म दाखलाच आहे, त्यामुळे तो एक कागद बरोबर झाला की बाकीचं त्याच्यावरूनच होतं.

कुलकर्णी काकू (ए १०१): मी एक बोलू का, राग मानू नका. आजोबांचं नाव कागदावर असलंच पाहिजे असं कुठे आहे? पूर्वी बारशाला एकच नाव थोडीच ठेवायचे. देवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि चौथं व्यवहाराचं. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने लिहायचं आणि आत्याने कानात कुर्र करायचं. दामोदर हे तांदळात लिहा, कानात सांगा, दाखल्यावर ओम ठेवा. वहिनींची इच्छा पण राहील.

यशवंत देवरे (बी ४०३): काकू हा ऑप्शन मी आईला सांगून बघितला. ती म्हणाली कागदावर नाही ते नाव कसलं, हजेरीत मास्तरांनी दामोदर म्हणून पुकारलं पाहिजे 🙂

कुलकर्णी काकू (ए १०१): मग विषयच संपला!

सुहास दातार (सी ३०१): उशिरा वाचतोय. पंचवटीत आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमची नावं बघितलीत तर तीच दोन नावं खाली खाली येत जातात, आलटून पालटून. गुरुजी कसे ओळखतात विचारलं तर म्हणाले, कोणत्या साली कोण आलं, भाऊ कोण, बायकोचं नाव काय, त्यावरून लावतो. बायकोचं नाव बरं का, म्हणजे सरकारला आता सुचलं ते ह्यांच्याकडे आधीच होतं.

माधुरी देवरे (बी ४०३): बरं मग ठरलं, दाखल्यावर दामोदर, घरात ओम. सिन्नरला बारशानंतर जाणार. यशवंत गुरुवारी निफाडला तलाठ्याकडे जातोय.

निकम काका (ए ३०३): जाताना बहिणीचं आधार आणि सध्याचा पत्ता घेऊन जा, आणि तिच्या नावापुढे लग्नानंतरचं नाव लिहून घे, नाहीतर तिथे परत एका माणसाची दोन नावं.

यशवंत देवरे (बी ४०३): हो काका. ताईला आत्ताच फोन लावतो, तसंही तिलाच कुर्र करायला बोलवायचंय.