मदत हवी आहे: मामा जामीनदार राहणार आहेत, पण सातबारा सामाईक आहे. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं?

रानवाट_२२
माझ्या मावसभावाला सत्र न्यायालयानं जामीन मंजूर केला आहे. आदेशात ५०,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार मागितला आहे. आमचे मामा जामीन राहायला तयार आहेत. जमीन १ हेक्टर २० आर, सातबाऱ्यावर मामा आणि त्यांचे दोन भाऊ, हिस्सा वेगळा लावलेला नाही. इतर हक्कात मामांच्या नावे सोसायटीचा १,८०,००० रुपयांचा बोजा आहे. प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं आणि हा उतारा चालेल का? भाऊ अजून आतच आहे, म्हणून घाई आहे.

पाटीलबुवा
सामाईक सातबारा कोर्ट घेतच नाही. आधी वाटणीचा फेरफार करून घ्या. आणि प्रतिज्ञापत्र ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर लागतं.

अनघा_त
मीसुद्धा जामीनदार आहे, मैत्रिणीच्या कर्जाला. तिचे हप्ते थकले आणि आता बँकेची नोटीस मला आली आहे. माझं घर जप्त होऊ शकतं का?

फौजदारी_कट्टा
अनघाताई, कर्जाची हमी आणि फौजदारी जामीन या वेगळ्या गोष्टी. तुम्ही वेगळा धागा काढा, नोटिशीला उत्तर द्यायची मुदत चुकवू नका.

पाटीलबुवा, सामाईक उतारा चालतो. फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरताच, आणि तो हिस्सा प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहावा लागतो. वाटणीचा फेरफार करायला गेलात तर आरोपी आत महिनोनमहिने बसेल. स्टॅम्पचंही तसंच: न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो.

रानवाट, क्षेत्र आणि बोजा सांगितलात ते बरं केलं. आधी हिशेब करू. तुमच्या भागात जमिनीचा सरकारी दर काय आहे?

रानवाट_२२
सरकारी दरानं हेक्टरी ८ लाखांच्या आसपास.

फौजदारी_कट्टा
मग तीन भाऊ धरले तर मामांचे ४० आर, किंमत ३,२०,०००. बोजा वजा केला की १,४०,००० उरतात. ५०,००० च्या जामिनाला हे पुरेसं आहे. शब्द साधारण असे ठेवा:

"आरोपी हा माझा सख्खा भाचा आहे. गट क्रमांक अमुक, एकूण क्षेत्र १ हे. २० आर, ही जमीन माझी व माझ्या दोन भावांची सामाईक असून त्यात माझा हिस्सा ४० आर आहे. त्यावर विकास सोसायटीचा १,८०,००० रुपयांचा बोजा आहे, याखेरीज कोणताही बोजा किंवा वाद नाही. आरोपी नेमलेल्या प्रत्येक तारखेस व न्यायालय बोलावील तेव्हा हजर राहील. तो हजर न राहिल्यास ५०,००० रुपये मी शासनजमा करीन."

बोजा लपवू नका. कारकून सातबारा शेजारी ठेवून वाचतो, इतर हक्काचा रकाना त्याच्या डोळ्यांसमोरच असतो. आणि "आरोपी चांगल्या वर्तनाचा आहे, पळून जाणार नाही" यावर पानं भरू नका. न्यायालयाला मालमत्ता, हजेरी आणि पैशाची जबाबदारी हवी असते.

अजून एक वाक्य हमखास राहतं. जामीनदारानं याआधी कुणाकुणाला जामीन दिला आहे ते सांगणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ प्रमाणे बंधनकारक आहे. कुणालाच दिला नसेल तर तसं लिहा. दिला असेल तर नाव, खटला क्रमांक, रक्कम सगळं लिहा. आधीचा जामीन असला म्हणून नकार येतोच असं नाही, पण लपवलेला निघाला तर खोट्या प्रतिज्ञेचा वेगळा गुन्हा मामांवर येतो.

सुलभा_मो
मामांचं सातबाऱ्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का पाहा. सातबाऱ्यावर "दत्तू" आणि आधारवर "दत्तात्रय", एवढ्यावरून कागद परत येतात. तसं असेल तर "दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे" असं वाक्य घाला आणि तलाठ्याचा दाखला जोडा. शिवाय उतारा डिजिटल सहीचा, ताजा काढा. संकेतस्थळावर नुसता बघायला मिळतो तो सहीशिवायचा, तो कामाचा नाही.

रानवाट_२२
नाव जुळतंय. पण आत्ता नवा उतारा काढला तर इतर हक्कात दोन बहिणींची नावं दिसतात, माझी आई आणि मावशी. म्हणजे आरोपीची आईच. हे चालेल?

फौजदारी_कट्टा
हे महत्त्वाचं आहे, बरं झालं विचारलंत. जुन्या वारस फेरफारात बहिणींना भोगवटादार न लावता इतर हक्कात टाकायची रीतच होती. म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. सुरक्षित हिशेब पाच वारसांचाच धरायचा: मामांचे २४ आर, किंमत १,९२,०००, त्यातून १,८०,००० गेले की फक्त १२,०००. हा जामीन पुरत नाही. ४० आर लिहून दिलंत आणि न्यायाधीशांनी रकाना वाचला तर विश्वास तिथंच संपतो.

आता उपाय. सातबाऱ्यावर बोजा कर्ज मंजूर झालं त्या रकमेचा असतो, मामांनी फेडलेलं त्यात दिसत नाही. सोसायटीकडून आजच्या बाकीचा दाखला घ्या. बाकी समजा ६०,००० निघाली, तर १,३२,००० उरतात. दुसरं, मामांच्या एकट्याच्या नावावर घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती जोडा. प्रतिज्ञापत्रात दोन्ही मालमत्तांचे वेगवेगळे परिच्छेद करा.

पाटीलबुवा
बोजा कमी करून सातबारा नवीन काढल्याशिवाय काही कोर्टं ऐकत नाहीत हो.

फौजदारी_कट्टा
हे खरं आहे, काही ठिकाणी दाखला पुरतो, काही ठिकाणी अडवतात. म्हणून घराचा उतारा आधीच जवळ ठेवा.

सुलभा_मो
मामांना प्रत्यक्ष उभं राहावं लागेल. आरोपी कोण लागतो, कुठे राहतो, किती रकमेला जामीन राहताय, एवढं न्यायाधीश विचारतात. वकिलानं कागद लिहिला आणि मामांना रक्कमच माहीत नाही असं झालं तर कागद चांगला असूनही नाकारतात. प्रतिज्ञापत्र त्यांना एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. बंधपत्र वेगळं असतं, त्यावर वेगळी सही लागते.

रानवाट_२२
आणि भाऊ एखादी तारीख चुकला तर मामांचं शेत जातं का?

फौजदारी_कट्टा
थेट जात नाही. आधी बंधपत्र जप्त होतं, मग मामांना पैसे भरा नाहीतर कारण दाखवा अशी नोटीस येते. आरोपीला हजर केलंत आणि कारण पटलं तर न्यायालय रक्कम कमी करू शकतं. न भरल्यास दंडासारखी वसुली होते, आणि वसूल होण्यासारखं काहीच नसेल तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येतं. मामांना पुढे भीती वाटली तर कलम ४८९ खाली मोकळं होण्याचा अर्ज करता येतो, पण मग भावावर वॉरंट निघतं आणि त्याला नवा जामीनदार आणावा लागतो. हे त्यांना सही करण्याआधी सांगा.

रानवाट_२२
सांगतो. सोसायटीचा सचिव परवा भेटणार आहे. मामांचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात आहे, त्यामुळे पडताळणीला किती दिवस लागतील?

सुलभा_मो
तहसील किंवा पोलिसांकडून उलट टपाल येईपर्यंत थांबणारी कोर्टं आहेत. दरम्यान रोख जामिनाचा अर्ज टाका, बऱ्याचदा तात्पुरती रोख भरून सोडतात आणि जामीनदार आणायला काही आठवडे देतात. दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारलं तर वकिलांना मोती राम हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा निकाल दाखवायला सांगा.

रानवाट_२२
घर मामींच्या नावावर आहे असं आत्ता कळलं. मग नमुना ८ वर मामांचं काय दाखवायचं?

फौजदारी_कट्टा
त्यांचं काहीच नाही. मामी वेगळ्या जामीनदार राहायला तयार आहेत का विचारा. एकच जामीनदार हवा असेल तर मग सोसायटीच्या कर्जबाकीच्या दाखल्यावरच सगळं ठरेल.